रिसेप्शनचं जेवण: बुफे की पंगत?

*"डिसेंबरमध्ये मुलीचं रिसेप्शन आहे, पुण्यात, संध्याकाळी 7 ते 10. माणसं 400 च्या आसपास, त्यातले साठ-सत्तर जण पंचाहत्तरीच्या पुढचे. हे म्हणतात बुफे ठेवू, सासूबाई म्हणतात पंगतच हवी. अन्न वाया जाऊ नये आणि म्हाताऱ्या माणसांना ताटकळावं लागू नये, एवढंच मला हवंय. काय करू?"*

ताई, मी अठरा वर्षं एका मंगल कार्यालयाचं काम बघितलंय. हा वाद दर सीझनला ऐकायचो. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: माणसं जेवायला एकदम येणार, की येत-जात राहणार?

दुपारी साडेबाराचा मुहूर्त असला की अक्षता पडल्याबरोबर सगळा हॉल एकदम जेवणाकडे वळतो. तिथे पंगत शोभते. संध्याकाळी तसं नसतं. कुणी सातला येऊन आठला निघतो, कुणी ऑफिस आटपून नऊला उगवतो. शंभर खुर्च्यांची पंगत धरा. बसणं, वाढणं, जेवणं, पानं उचलून टेबलं पुसून पुन्हा मांडणं, यात पाऊण तास सहज जातो. 400 माणसांच्या चार पंगती म्हणजे तीन तास, तेही प्रत्येक पंगत भरून बसली तर. साडेसातला सुरू केलंत तरी शेवटची पंगत साडेदहाला उठेल. शिवाय पंगतीला रांग दिसत नसली तरी ती असतेच. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस उभा राहतो, आणि बसलेला मठ्ठ्याचा शेवटचा घोट घाईने घेतो. पाहिलं असेलच तुम्ही.

म्हणून तुमच्या बेताला मुख्य सोय बुफेचीच ठेवा. पण वयस्कर मंडळींसाठी बाजूला चाळीसेक खुर्च्यांची टेबल-पंगत मांडा आणि ती सव्वासातलाच सुरू करा. दोन पंगतींत तुमची सगळी ज्येष्ठ मंडळी आणि ज्यांना गरजच आहे त्यांच्यासोबतचं माणूस जेवून होईल, तेही मुख्य गर्दी व्हायच्या आत. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना जेवणाची वेळ सांभाळावी लागते. एका हातात काठी असली की दुसऱ्या हाताने ताट धरून वाढून घेता येत नाही. ही जागा हात धुवायच्या बेसिनजवळ आणि स्पीकरपासून लांब हवी, वाटेत पायरी नको. खुर्च्या हाताच्या मागवा, उठताना टेकायला आधार लागतो. आणि तिथे "ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव" अशी पाटी लावू नका. त्या पाटीखाली कुणीही बसत नाही, अगदी ऐंशीचे आजोबासुद्धा. घरातला एखादा भाचा दाराशी उभा करा आणि त्याला "आजी, पान मांडलंय, चला" एवढंच म्हणायला सांगा. तो नसेल तर तिथे कॉलेजची पोरं येऊन बसतील, हे नक्की.

आता रांगेचं. आमच्याच घरच्या एका रिसेप्शनला केटररने सगळे पदार्थ एका लांब टेबलावर, एकाच बाजूने मांडले होते. मी त्या दिवशी पाहुणा होतो, म्हणून गप्प बसलो आणि घड्याळ लावून बघितलं. एका रांगेतून मिनिटाला साधारण चार माणसं ताट भरून बाहेर पडत होती. साडेआठच्या सुमाराला अर्ध्या तासात दोनशेजण आले. वाढून झाली एकशेवीस, ऐंशी उभी. शेवटच्या माणसाला वीस मिनिटं थांबावं लागणार हे उघड होतं. तेच टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलं असतं आणि दोन्ही बाजूंनी तेच पदार्थ, दोन्हीकडे ताटं ठेवली असती, तर रांग जवळपास साचलीच नसती. तुम्ही अशी दोन बाजूंची मांडणी मागा, आणि केटररकडून कागदावर घ्या. "गर्दी झाली की दुसरी बाजू उघडू" हे ऐकून घेऊ नका, गर्दी झाल्यावर टेबल हलत नाही.

रांग अडते ती सगळ्यात हळू पदार्थापाशी. त्या दिवशी ती गरम पुरीपाशी अडली होती. पुरी तळून यायची वाट बघत लोक भाजी घेतलेलं ताट हातात धरून उभे, आणि ज्यांना फक्त भात हवा होता तेही त्यांच्यामागे अडकलेले. गरम पुरी, डोसा, चाट असले काउंटर मुख्य टेबलापासून चार पावलं लांब ठेवा. पुऱ्या तर टोपलीत घेऊन वाढप्यांनीच फिरवाव्यात. स्टेजवर शुभेच्छा द्यायची रांग आणि जेवणाची रांग एकमेकींना छेदत नाहीत ना, हेही हॉल बघायला जाल तेव्हा चालून बघा.

वाया जाण्याबद्दल सासूबाईंना वाटतं की बुफेत नासाडी जास्त. पण ती दोन ठिकाणी होते, ताटात आणि पातेल्यात. पंगतीत ताटातली जास्त, कारण नको असलेलंही पानात पडतं, वर आग्रह. उष्ट्याच्या पिंपात डोकावलं की कोशिंबीर आणि मसालेभात दिसतो. बुफेत ताटात उरतं ते वेगळ्या कारणाने: पुन्हा रांगेत कोण उभं राहणार, म्हणून माणूस एकदाच डोंगर करून घेतो. रांग लहान ठेवलीत की हे आपोआप कमी होतं. गोड पदार्थ मात्र लोकांच्या हाती सोडू नका, वाढप्याने छोट्या वाटीत द्यावा, हवा त्याने दुसरी वाटी मागावी.

बुफेतली खरी नासाडी पातेल्यात होते. दहा वाजेपर्यंत सगळी भांडी भरलेली दिसली पाहिजेत, म्हणून पावणेदहालाही आतून भर पडत राहते. तुम्ही ठरवून टाका की सव्वानऊनंतर मोठी भांडी काढून लहान मांडायची, भाताचं शेवटचं पातेलं साडेआठची गर्दी बघून मगच चढवायचं, पुऱ्या लागतील तशा तळायच्या. दोन भाज्यांऐवजी चार ठेवल्या तर चारही भाज्यांचं थोडं थोडं उरतं, तेव्हा पदार्थ कमी ठेवा. उरलेलं कुणाला द्यायचं असेल तर फक्त आतलं, झाकून गरम राहिलेलं द्या, आणि नेणारी माणसं आधी ठरवून ठेवा. टेबलावर दोन-तीन तास उघडं राहिलेलं देऊ नका.

बिलाची एक गोम सांगतो. बुफेत बहुतेक केटरर वापरलेली ताटं मोजतात. एकाने पहिलं ताट टेबलाखाली सरकवून दुसरं उचललं की तुमच्या खात्यात दोन पानं. आधीच बोलून घ्या, आणि सुरुवातीला व शेवटी ताटांची मोजणी करताना घरचं एक माणूस उभं ठेवा. किमान पानांची हमी देताना 400 म्हणू नका. आमंत्रणं 400 असतील तर 330 ची हमी द्या आणि वर तीस-चाळीस पानांची तयारी मागा. पुऱ्यांची कणीक मळून ठेवलेली असली की ही तयारी जड जात नाही.

हॉल कुठला ठरलाय ते कळवा. जेवणाची जागा पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर ज्येष्ठांची पंगत खाली स्टेजच्या हॉलमध्येच एका कोपऱ्यात मांडावी लागेल. मग दोन वाढपी वाढवून घ्या, कारण प्रत्येक पदार्थ जिन्यावरून खाली आणावा लागणार.