आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह: डेंग्यू जुना की आत्ताचा?

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाला चार दिवसांपासून ताप आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये डेंग्यूचं कार्ड केलं. एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. लॅबवाले म्हणतात जुना डेंग्यू आहे, घाबरू नका. पण प्लेटलेट ८४ हजार आहेत. मग नेमकं काय समजायचं?

उत्तर:

आधी कामाचं सांगतो. चौथा दिवस आणि प्लेटलेट ८४ हजार, म्हणजे कार्ड काहीही म्हणो, भाऊंना डेंग्यू आहे असं धरूनच सांभाळा. डेंग्यूत खरा धोका ताप चढलेला असताना कमी आणि ताप उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. सीबीसी ही रक्ततपासणी रोज करा आणि त्यात प्लेटलेटइतकंच लक्ष पीसीव्हीकडे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडे, द्या. प्लेटलेट घसरत असताना पीसीव्ही चढत असेल तर रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय असा त्याचा अर्थ. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं किंवा माणूस सुस्त पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट जिल्ह्याचा दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही नको.

मी डॉक्टर नाही, विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. उपचार डॉक्टरांनी सांगावेत. रिपोर्ट कसा वाचायचा ते मात्र सांगू शकतो, कारण पावसाळ्यात दुसरं काही सुचत नाही इतकी ही कार्डं हातातून जातात.

आयजीएम आणि आयजीजी या दोन प्रकारच्या अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं. ‘आयजीएम म्हणजे नवा आजार, आयजीजी म्हणजे जुना’ हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसाला ते बरोबर लागू पडतं. त्याच्या रक्तात सुरुवातीला व्हायरस आणि त्याचं एनएस१ प्रथिन असतं, अँटिबॉडी नसतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान निम्म्या पेशंटमध्ये आयजीएम दिसायला लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांमध्ये दिसतो. दोन आठवड्यांच्या सुमारास तो सगळ्यात वर असतो, मग उतरत जाऊन साधारण दोन-तीन महिन्यांत संपतो. आयजीजी मागून येतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी थोडासा असतो, मग हळूहळू वाढतो आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतो.

हा क्रम असाच का, तर ज्या पेशींनी हा व्हायरस आधी पाहिलेला नसतो त्या सुरुवातीला आयजीएमच बनवतात. मग त्यातल्या काही पेशी आयजीजीकडे वळतात आणि त्यांच्यातल्या काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात. तिथून त्या थोडा थोडा आयजीजी सोडत राहतात. म्हणून नुसता आयजीजी दिसणं हे रेशन कार्डावर नाव दिसण्यासारखं आहे. माणूस त्या घरचा आहे हे कळतं, तो आज घरात आहे की नाही हे कळत नाही.

आता तुमच्या भावाचा रिपोर्ट. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. रांजण, ड्रम, सिमेंटची टाकी भरून ठेवावीच लागते आणि त्यातच हा डास वाढतो. चाळिशीतल्या माणसाला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला असणं, आणि तेव्हा त्याला तो साधा ताप वाटलेला असणं, यात नवल काही नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून बराच काळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तीनपासून तसं मिळत नाही. दुसरा प्रकार अंगात शिरला की जुन्या आठवणीच्या पेशी लगेच जाग्या होतात आणि त्या आयजीजीच बनवतात, तोही भरमसाट आणि पहिल्या काही दिवसांतच. आयजीएम अशा वेळी कमी बनतो, उशिरा दिसतो, काहींमध्ये तर दिसतच नाही. म्हणजे दुसऱ्यांदा झालेल्या डेंग्यूच्या चौथ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह येणं अगदी शक्य आहे. आणि दुसऱ्यांदा झालेलाच डेंग्यू जास्त वेळा गंभीर होतो. ‘जुना आहे, घाबरू नका’ हे वाक्य नेमकं अशा पेशंटच्या बाबतीत महागात पडतं.

एनएस१ निगेटिव्ह आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. जुना आयजीजी तयारच असला तर तो एनएस१ ला चिकटून बसतो, मग कार्डाला पकडायला मोकळं एनएस१ उरत नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळच्या डेंग्यूत ही टेस्ट जास्त वेळा चुकते.

कार्डावरची रेषा फक्त होय-नाही सांगते, किती ते सांगत नाही. त्यातही काही किटमध्ये आयजीजीची रेषा उमटायची पातळी मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे जुन्या डेंग्यूचा उरलासुरला आयजीजी तिच्यात दिसू नये आणि दुसऱ्या वेळी उसळलेलाच दिसावा. काही किटमध्ये ती इतकी खाली असते की दहा वर्षांपूर्वीचाही उमटतो. रेषा दोन्हींत सारखीच गुलाबी. किटच्या डब्यातल्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण ते पत्रक बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. तुमच्या लॅबला किट कोणतं होतं तेवढं विचारून घ्या. रेषा उंच पातळीची असेल तर तुमच्या भावाचा रिपोर्ट जुन्या डेंग्यूचा नसून आत्ताच्या, दुसऱ्या वेळच्या डेंग्यूकडे बोट दाखवतो.

पक्कं ठरवायचं असेल तर एका नमुन्यावर भागत नाही. दहा ते चौदा दिवसांनी दुसरं रक्त घ्यावं लागतं.

गेल्या हंगामात आमच्याकडे सोयाबीन निंदायला जाणारी एक बाई आली होती. तिचं कार्ड हुबेहूब तुमच्या भावासारखंच होतं. डॉक्टरांनी डेंग्यू धरून सलाइन आणि रोजचं सीबीसी चालू ठेवलं. मी सीरम वेगळं करून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या नमुन्याला या म्हणून बजावलं. बरं वाटल्यावर कोणी येत नाही, पण आशाताईंनी तिला बरोबर आणलं. दोन्ही नमुने मोठ्या लॅबमध्ये गेले. पहिल्यात आयजीएम एलायझाच्या, म्हणजे मोठ्या लॅबमधल्या आकडा देणाऱ्या टेस्टच्या, कट-ऑफच्या बराच खाली, दुसऱ्यात कट-ऑफच्या जेमतेम वर. आयजीजीचं टायटर पहिल्यात १:१६०, दुसऱ्यात १:२५६०.

टायटर म्हणजे सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कोणत्या नळीपर्यंत अँटिबॉडी सापडते ते बघायचं. १६० नंतर ३२०, मग ६४०, १२८०, २५६०. एका नळीचा फरक हात इकडेतिकडे झाल्यानेही पडतो, म्हणून तो धरत नाहीत. निदान दोन नळ्यांची, म्हणजे चौपट वाढ हवी. इथे चार नळ्यांची, सोळापट वाढ होती. नुसता जुना आयजीजी असता तर तो दोन्ही वेळा जवळपास तेवढाच दिसला असता. चढतोय म्हणजे आजार आत्ताचा. पण त्यासाठी दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच किटवर शेजारी शेजारी लावावे लागतात. पहिला ऑगस्टमध्ये एका लॅबला आणि दुसरा सप्टेंबरमध्ये भलत्याच लॅबला लावला तर त्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

उलटी फसगतही तितकीच होते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. पोळ्याच्या सुमारास एखाद्या पोराला डेंग्यू झाला, बरा झाला. दिवाळीत त्याला पुन्हा ताप आला. कार्ड केलं तर आयजीएम पॉझिटिव्ह. सगळे म्हणणार डेंग्यू उलटला. पण आयजीएम दोन-तीन महिने राहतो, म्हणजे तो पोळ्याचाही असू शकतो. आयजीएम ‘अलीकडे झाला’ एवढंच सांगतो, ‘हा ताप त्याचाच’ असं सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात मलेरिया असतो, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रबची साथ आली होती, आठवत असेल. त्यातही प्लेटलेट उतरतात. फरक एवढाच की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर स्क्रबचा पेशंट झपाट्याने सुधारतो, आणि डेंग्यूचं लेबल लागलं तर ते मिळतच नाही. अशा वेळी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किडा चावल्या जागी उठणारी काळी खपली आहे का ते कपडे बाजूला करून बघायला डॉक्टरांना सांगा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतः ती दाखवत नाही.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी एक जोड: जपानी मेंदूज्वराचा व्हायरस डेंग्यूच्याच कुळातला आहे. तो आजार झाला असेल किंवा त्याची लस घेतली असेल तर त्या अँटिबॉडी डेंग्यूच्या टेस्टमध्येही थोड्याफार दिसू शकतात, आयजीजीत जास्तच.

दुसरा नमुना द्याल तेव्हा सरकारी दवाखान्यामार्फत मेडिकल कॉलेजच्या सेंटिनेल लॅबला, म्हणजे डेंग्यूवर नजर ठेवायला सरकारने नेमलेल्या लॅबला, पाठवायला सांगा. तिथे कार्डावर नव्हे, एलायझावर तपासतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा, त्यानंतर आयजीएम एलायझा. आयजीएमचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं असतं. फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख नीट लिहा, कारण सगळं वाचन त्या तारखेवर चालतं. आमच्याकडे विचारलं की पेशंट सांगतो, “चार दिस झाले.” जरा खोदलं की, “आंग तं आइतवारपासूनच कसंकसं होत होतं, पन झोपलो मंगयवारी.” तारीख आइतवारची लिहायची. चौथा दिवस खरं तर सहावा निघाला तर निगेटिव्ह आयजीएमचा अर्थही बदलतो. चौथ्या दिवशी तो ‘अजून आला नसेल’ म्हणून सोडून देता येतो. सहाव्या दिवशी, आयजीजी पॉझिटिव्ह असताना, डेंग्यू दुसऱ्या वेळचा असल्याची शंका वाढते, आणि एनएस१ निगेटिव्ह आल्याचंही नवल राहत नाही.