चुना-तंबाखू सोडताना: च्युइंगम चावायचं की दाबून धरायचं?

“मॅडम, वीस-बावीस वर्षं तंबाखू मळतोय. दिवसाला एक पुडी संपते. दोनदा सोडली, चार दिवसांत परत धरली. तोंड रिकामं राहिलं की चैन पडत नाही आणि सकाळी बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही. मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं म्हणतात. ते सिगरेटवाल्यांचं औषध आहे की आमच्यासारख्या खाणाऱ्यालाही चालतं? आणि पुढं त्याचीच सवय लागली तर?”

चालतं. मात्र तंबाखू खाणारा माणूस ते बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीनं खातो आणि “काही उपयोग नाही” म्हणून टाकून देतो. इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराची हकीकत सांगते, म्हणजे चूक कुठं होते ते कळेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दादा ४६ वर्षांचे होते. आमच्याकडे आले तेव्हा वहिनी सोबत होत्या आणि बोलत होत्या त्याच. दादा गप्प बसले होते, पण त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता. तळव्यात काहीच नव्हतं. मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी दचकून हात मांडीखाली घेतला. पहिल्या भेटीत मी त्यांना काहीही सोडायला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की खिशात एक कागद ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक बाराची वेळ मांडा.

कागद आला तेव्हा दिवसाला सरासरी १४ बार निघाले. पहिला पहाटे साडेपाचला, डोळे उघडल्यावर दहा मिनिटांच्या आत, संडासला जायच्या आधी. पाळीवर असताना सात-आठ, त्यातले निम्मे शेजारच्या मागावरच्या माणसानं तळवा पुढं केला म्हणून घेतलेले. जेवणानंतर आणि चहानंतर ठरलेले. शेवटचा झोपताना, आणि कधीकधी तो तोंडात ठेवूनच झोप लागायची. या कागदावरून मला दोन गोष्टी कळल्या. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागतो, म्हणजे शरीराला निकोटिनची ओढ जबर आहे. आणि १४ पैकी पाच-सहा बार तलफेचे नव्हतेच, ते हाताच्या आणि सोबतीच्या सवयीचे होते. या दोन्हींवरचं औषध एक नाही. च्युइंगम पहिल्यावर चालतं, दुसऱ्यावर नाही. बहुतेकांची गाडी इथंच अडते.

त्याआधी तोंड बघितलं. दादा खालच्या ओठामागे डावीकडे तंबाखू ठेवायचे, तिथली कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली होती. तोंड तीन बोटं उभी जातील इतकं उघडत होतं, हे चांगलं लक्षण. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, की तंबाखू पूर्ण थांबवून सहा आठवड्यांच्या आत परत या, डाग राहिलाच तर तुकडा काढून तपासू. तुम्हीही हे आधी करून घ्या. डाग लाल असेल, न भरणारी जखम असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर तंबाखू सुटायची वाट न बघता लगेच दाखवा.

आता च्युइंगम. दादांनी ते पूर्वी एकदा आणलं होतं. २ मिलिग्रॅमची एक पट्टी. “मिरचीसारखं लागतं मॅडम, घसा जळतो, उचकी लागते आणि तलफ तशीच.” कसं खाल्लं विचारलं, तर चहा पिता पिता, साध्या च्युइंगमसारखं भराभर चावून, आणि तोंडात पाणी सुटलं की थुंकून. तिन्ही चुका एकाच वेळी.

मी त्यांना चुन्यापासून समजावलं, कारण चुना त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. नुसती तंबाखू ठेवली तर किक बसत नाही, चुना लावला की बसते, हे प्रत्येक खाणारा जाणतो. कारण असं, की निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात शिरायला तोंडात आंबटपणा नको, क्षार हवा. चुना तेच काम करतो. निकोटिनच्या च्युइंगममध्येही त्यासाठी क्षार घातलेला असतो. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होतं आणि निकोटिन आत नीट जात नाही. म्हणून च्युइंगमच्या आधी १५ मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. भराभर चावलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथं जळजळ आणि उचकी देतं, आणि रक्तात पोचायच्या आधी त्यातलं बरंचसं यकृत संपवतं. थुंकलं तर औषधच बाहेर गेलं.

खरी रीत तंबाखू खाणाऱ्याला सिगरेटवाल्यापेक्षा लवकर जमते, कारण दाबून धरायचं कसं हे त्याला शिकवावं लागत नाही. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं. मिऱ्यासारखी चुणचुण आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचं. मिनिटभरानं चुणचुण ओसरली की पुन्हा थोडं चावायचं आणि दुसऱ्या गालात ठेवायचं. असं अर्धा तास. तंबाखूची जुनी जागा मात्र सोडायची. ओठामागे ठेवू नका हे मी आवर्जून सांगते. त्या कातडीला आराम हवा असतो, आणि जुन्या जागी काही ठेवलं की मनाला जुनंच आठवतं.

पहिला बार अर्ध्या तासात लागत असल्यानं आमच्या डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमचं लिहून दिलं. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न बघता, दिवसाला १५ च्या वर नाही. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. तंबाखू आणि च्युइंगम दोन्ही सोबत चालवलं तर मळमळतं, गरगरतं, छाती धडधडते. म्हणून दिवस ठरवून तंबाखू बंद आणि त्याच सकाळी च्युइंगम सुरू. दादांनी आठवड्याच्या सुट्टीचा दिवस धरला. आदल्या रात्री चुन्याची डबी वहिनींनी स्वतःच्या हातानं फेकली.

पोटाची भीती खोटी नव्हती. निकोटिन आतड्याला ढकलतं, त्यामुळे ते बंद झालं की पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होतं. च्युइंगमनं तो धक्का थोडा कमी बसतो. सोबत उठल्या उठल्या दोन भांडी कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, रात्री इसबगोल, आणि झालं नाही तरी रोज त्याच वेळी बसणं. तिसऱ्या आठवड्यात दादांनी ती तक्रार काढलीच नाही, मलाच विचारावं लागलं.

राहिला हात. मळणं हे त्यांच्या दिवसातलं दोन मिनिटांचं स्वस्थ बसणं होतं: अंगठ्यानं घासायचं, दोन थापट्या मारायच्या, फुंकर घालून भुकटी उडवायची. त्या हाताला दुसरं काय द्यावं हे मला सुचत नव्हतं, ते वहिनींनी सुचवलं. भाजलेले शेंगदाणे. दहा-बारा दाणे तळव्यावर घ्यायचे, अंगठ्यानं घासून साल काढायची, फुंकर मारून टरफलं उडवायची आणि एकेक दाणा चावायचा. हुबेहूब तेच हातवारे! काही सहकारी म्हणतात, की हातवारे जिवंत ठेवले तर तलफही जिवंत राहते. माझा अनुभव असा, की पहिला महिना हाताला काम द्यावं, पुढं ते आपोआप सुटतं. दाणे नको असतील तर भाजलेली बडीशेप, लवंग, वेलदोडा. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध सतत चघळू नका, त्यानं तो वाढतो. आणि सुपारी कशातही नको, साधी नको, सुगंधी नको. सुपारी स्वतःच कर्करोग करते आणि तोंड आखडवते. तंबाखू सोडून सुपारीवर आलेले लोक मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांना वाटतं आपण सुटलो.

तळवा पुढं करणाऱ्या सोबत्याला दादा सांगायचे, “दाताचं औषध चालू आहे.” खोटंही नव्हतं, आणि कुणी वाद घातला नाही.

नवव्या दिवशी मात्र घसरले. रात्रपाळी, तीनचा सुमार, धागा सारखा तुटत होता, च्युइंगम घरी राहिलेलं. शेजाऱ्याकडून एक बार घेतला, मग सकाळपर्यंत आणखी तीन. लाजेनं फोन घेईनात. आले तेव्हा मी फक्त विचारलं, दिवसाला च्युइंगम किती खात होता? चार. घरात कुणीतरी “हेही व्यसनच” म्हणालं, म्हणून त्यांनी स्वतःच कमी केलं होतं. जिथं दहा हवेत तिथं चार, म्हणजे रोज दुपारनंतर शरीर उपाशी. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण आणि मग दोन ते चार आठवडे तगमग, याच काळात मात्रा कापली की असं होतं. चिडचिड, झोप उडणं, एकाग्रता न होणं ही कमी मात्रेची खूण. मळमळ आणि धडधड ही जास्तीची.

सवयीच्या भीतीचं उत्तरही इथंच देते. च्युइंगममधलं निकोटिन सावकाश आणि कमी चढतं, म्हणून ते सोडणं तंबाखूपेक्षा सोपं असतं. काही जण ते लांबवतात, हे खरं. पण तोंडाचा कर्करोग करणारी तंबाखूतली विषारी द्रव्यं त्यात नसतात. खर्च पुडीपेक्षा जास्त येतो. सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रात मोफत मिळतं का ते आधी विचारा.

तरी ते सगळ्यांसाठी नाही. कवळी असेल, जबडा दुखत असेल, तोंड आखडलं असेल किंवा आत जखमा असतील तर च्युइंगमऐवजी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी बरी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांशिवाय काहीच घेऊ नये. खाणाऱ्यांवरचे अभ्यास ओढणाऱ्यांवरच्या मानानं थोडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शनात खाण्याच्या तंबाखूसाठी सखोल समुपदेशनावर भर दिला आणि औषधांत निकोटिन किंवा व्हरेनिक्लीन या गोळीचा पर्याय ठेवला. गोळी डॉक्टरच देतील. जवळ केंद्र नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मराठीतही समुपदेशक बोलतात.

दादांनी घसरल्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली, या वेळी दिवसाला दहा. च्युइंगमची एक पट्टी शर्टाच्या खिशात, एक मागाजवळच्या पिशवीत. सहाव्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी ओठ उलटून बघितला, सुरकुत्या गेल्या होत्या. बारा आठवड्यांनी च्युइंगम थांबायला हवं होतं. दादा अजून रात्रपाळीच्या आठवड्यात तीनच्या सुमारास एक घेतात. डॉक्टरांना विचारून मी ते तसंच चालू ठेवलं आहे.