दुकानांची कार्डं फोनमध्ये ठेवण्याबद्दल

प्रश्न: नाशिकमध्ये सुपरमार्केट आणि जिमची प्लास्टिकची कार्डं फोनच्या वॉलेटमध्ये ठेवता येतात का?

उत्तर: आधी कार्ड उलटून बघा. बारकोड किंवा क्यूआर छापलेला असेल तर बहुतेक वेळा येतं. गूगल वॉलेटमध्ये Add to Wallet दाबून लॉयल्टी कार्डाचा पर्याय घ्या, कोड स्कॅन करा आणि खालचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून पाहा.

कॉलेज रोडवरच्या दुकानात काउंटरवर लाल रेघ पाडणारा जुना लेझर स्कॅनर असेल, तर तो फोनच्या काचेवरचा बारकोड सहसा वाचत नाही. ब्राइटनेस वाढवूनही जमलं नाही, तर कॅशियरला नंबर टाइप करायला सांगा. पॉइंट तेवढेच जमा होतात.

जिमचं दाराला टेकवायचं कार्ड मात्र जवळच ठेवा. त्यातली चिप फोटो काढून फोनमध्ये येत नाही.