नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा आणि पापण्या सांभाळून रेटिनॉइड कसं लावायचं

प्रश्न: दर्यापूरजवळच्या खेड्यात राहते, वय २४. मुरुमांसाठी स्किनच्या डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम दिलंय. गाल ठीक आहेत, पण नाकपुड्यांच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत कातडी सोलून लाल झालीय, पापण्याही चुरचुरतात. तिथं तर मी लावतच नाही, तरी असं का होतं? बंद करू का?

उत्तर:

ताई, कायमचं बंद करायची गरज दिसत नाही, पण आज रात्रीपासून थोडे दिवस थांबा. मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. या क्रीमची ट्यूब घेऊन गेलेल्या पोरी काही दिवसांनी परत येतात तेव्हा बोट बहुतेक याच तीन जागांवर ठेवतात. आणि "तिथं तर लावलंच नाही" हे त्यांचं म्हणणं खरं असतं.

क्रीम लावलेल्या जागी बसून राहत नाही. चेहऱ्यावरचं तेल आणि घाम यांच्यासोबत ते सरकतं, कुशीवर झोपलं की उशीला लागून दुसरीकडे जातं आणि झोपेत डोळा चोळला की बोटानं पापणीवर पोचतं. शेतातलं पाणी जसं सखल धुऱ्याशी जाऊन साचतं, तसं ते नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात गोळा होतं. गालावर पातळ पसरलेलं औषध तिथं मात्र दाट होतं. त्यात या जागा मुळातच नाजूक. पापणीची कातडी सगळ्या अंगात सर्वांत पातळ. ओठांचा कोपरा बोलताना, जेवताना सतत ताणला जातो, लाळेनं ओला होतो आणि पुन्हा वाळतो. ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड जातीचं औषध, त्यानं वरचा थर आधीच पातळ, कोरडा झालेला असतो. त्यावर ठेच्याचं तिखट लागलं की आग होणारच.

आधी एक पाहून घ्या. हे रेटिनॉइडमुळेच झालंय ना? सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत कातडी कोरडी, लालसर झाली, बारीक पापुद्रे निघाले आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुरलं, तर बहुधा औषधाचाच त्रास आहे. पण नाकाच्या कडेला पिवळसर, तेलकट खवले असतील, तसेच भुवयांत असतील आणि डोक्यात कोंडा असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, आणि क्रीम सुरू करण्याआधीही थोडाफार असणार. ओठांच्या अगदी कोपऱ्यात चीर पडून ती पांढुरकी, ओलसर राहत असेल तर बुरशीचा संसर्ग किंवा लोहाची, ब जीवनसत्त्वाची कमतरताही कारण असते. ओठांभोवती बारीक लाल पुटकुळ्या उठल्या असतील तर आधी कुठलं स्टेरॉइडचं मलम वापरलं होतं का, ते आठवा. या तिन्हींना डॉक्टरांना दाखवावं लागतं, नुसतं थांबून भागत नाही.

हातातली ट्यूब उलटून त्यावरची नावंही वाचा. ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन लिहिलं असेल, तर ते तिहेरी क्रीम आहे. ते वांगासाठी, थोड्या काळापुरतं देतात. आपल्याकडे ते गोरं होण्याच्या नावाखाली लग्नसराईत हातोहात खपतं. २०१८ साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी कुणाच्या तरी मामेबहिणीकडून ट्यूब घरात येतेच. त्यातल्या स्टेरॉइडमुळे सोलवटणं पहिले काही दिवस दबतं आणि क्रीम छान मानवलं असं वाटतं. त्रास पुढे होतो. तुमच्या ट्यूबवर नुसतं ट्रेटिनॉइन असेल तर पुढचं वाचा.

आता विश्रांती. कोपऱ्यांना साधं पाणी लागलं तरी चुरचुरत नाही, इथपर्यंत क्रीम पूर्ण बंद. साधारण आठवडाभर लागतो, कुणाला थोडं जास्त. तेवढ्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्या जागी पातळ व्हॅसलिन, बाकी काही नाही. पापुद्रे नखानं काढू नका, स्क्रब नको, लिंबू-हळद-बेसनही नको. घरात कुणाच्या खाजेचं मलम पडलेलं असेल तर ते लावायचा मोह टाळा.

पुन्हा सुरू करताना क्रम बदला, खरा फरक त्यानं पडतो. रात्री आधी जेवण आणि दात घासणं उरकून घ्या. पेस्टचा फेस ओठांच्या कोपऱ्यांतून खाली येतो आणि क्रीम लावल्यावर दात घासले तर तोच फेस आधीच दुखऱ्या जागेवर चोळला जातो. मग सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथल्या बोअरच्या पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, म्हणून आपण जास्त चोळतो आणि तरी कातडीवर बुळबुळीत थर उरतो. शेवटचा हात प्यायच्या जारच्या पाण्यानं फिरवला तर बरं पडतं, तांब्याभर पाणी पुरतं. टॉवेलनं टिपा, घासू नका. मग वीस मिनिटं ते अर्धा तास चेहरा पूर्ण वाळू द्या. ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं.

आता क्रीमच्या आधी व्हॅसलिन. नाकपुडीची खाच, ओठांचे दोन्ही कोपरे आणि डोळ्याखालच्या हाडाची कड, एवढ्याच जागी बोटाच्या टोकानं नुसती चमक येईल इतकं पातळ. जाड थापलं तर उन्हाळ्याच्या रात्री ते पातळ होऊन पसरतं आणि क्रीमलाही सोबत घेऊन जातं. पापणीच्या केसांजवळ लावू नका, डोळ्यात जाऊन धूसर दिसतं. आणि हा क्रम उलटा करू नका. क्रीम लावलेल्या जागेवर व्हॅसलिन लावलं तर औषध आत कोंडलं जातं आणि जास्त लागतं. काही जणी "कोरडं पडतंय" म्हणून नेमकं हेच करतात आणि रात्रभरात चेहरा टोमॅटोसारखा करून घेतात.

मग क्रीम. सगळ्या चेहऱ्याला मिळून ओल्या तुरीच्या दाण्याएवढं पुरे. कपाळावर एक टिपका, दोन्ही गालांवर बाहेरच्या बाजूला एकेक, हनुवटीवर एक. पसरवताना हात नाकापासून कानाकडे न्या. बोट नाकाकडे आणलं की उरलेलं क्रीम खाचेत जाऊन बसतं. नाकपुडीच्या आणि ओठांच्या कडेपासून एक बोट जागा मोकळी सोडा. डोळ्याखाली गालाचं हाड बोटाला लागतं, त्याच्या वर जायचं नाही. पापणीवर तर वरही नाही आणि खालीही नाही, कितीही थोडं असलं तरी नाही. नंतर हात साबणानं धुवा. पंधरा-वीस मिनिटांनी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि मगच आडवं व्हा.

सोडलेल्या बोटभर पट्टीत मुरूम असेल तर काय, असं तुम्ही विचारालच. आजूबाजूचं क्रीम थोडंफार तिथं पोचतंच, ते तुम्ही अनुभवलंय. तरी दीड-दोन महिन्यांनी तिथंच मुरूम येत राहिले आणि कातडी शांत असेल, तर डॉक्टरांना विचारून नाकाच्या बाजूला थोडा वेळ लावून धुण्याची पद्धत करता येते: आधी मॉइश्चरायझर, त्यावर अगदी पुसटसं क्रीम, अर्ध्या तासानं धुऊन टाकायचं. खाचेच्या आत मात्र तेव्हाही नाही.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोमवार आणि गुरुवार धरा. त्रास नसेल तर एक दिवसाआड. रोज लावण्याची घाई कुणी सांगितलेली नसते, आपणच करतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी आमच्याकडे यायची. तिला ॲडापॅलीन ०.१ टक्के, म्हणजे दुसऱ्या एका रेटिनॉइडचं जेल दिलेलं होतं. लावायची नीट, जागाही सोडायची, तरी नाकाच्या दोन्ही कडा भाजल्यासारख्या. "मॅडम, मी तं तिथं हात बी नाही लावत ना!" मी तिला दिवसाचं सगळं विचारलं. पहाटे उठून तोंड न धुताच ती मैदानावर जायची. रात्रीचं जेल चेहऱ्यावर तसंच, पळताना घाम, आणि प्रत्येक फेरीनंतर खरखरीत शेल्यानं नाक-तोंड पुसणं. म्हणजे उरलेलं औषध घामासोबत खाचेत आणि वरून घासणं. ते जेल होतं, आणि जेल क्रीमपेक्षा कातडी जास्त कोरडी करतं. जेल थांबवून कोपरे भरू दिले. मग पहाटे निघण्याआधी साध्या पाण्यानं तोंड धुणं, खाचेत पातळ व्हॅसलिन आणि शेल्याऐवजी मऊ सुती रुमालानं टिपणं, एवढं तिनं पाळलं. लांब पळायच्या आदल्या रात्री जेल लावणं सोडलं. आठवड्यातून दोन रात्रींवरून ती महिन्याभरात एक दिवसाआडवर आली. कडा पुन्हा सोलल्या त्या फक्त सर्दीत, नाक पुसून पुसून. तेवढे दिवस तिनं जेल बंद ठेवलं.

तुमच्याकडे शेला नसेल, पण गाडीवर जाताना तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळत असाल तर तो नाकाच्या कडांवर तसाच घासतो. मऊ सुती घ्या आणि थोडा सैल बांधा. दिवसा सनस्क्रीन लागतंच, आणि कोपऱ्यांत झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं मागा. रात्री कूलरची हवा थेट तोंडावर येणार नाही असं झोपा.

पापण्यांबद्दल वेगळं सांगते. थांबल्यावर चार-पाच दिवसांत चुरचुर गेली तर ठीक. डोळे सुजले, लाल झाले, दिसायला अंधुक वाटलं किंवा पाणी येत राहिलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. कोपऱ्यातून पाणी सुटलं, पिवळी खपली धरली किंवा चीर खोल गेली तरी तेच. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर क्रीम आताच थांबवून डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात ही औषधं वर्ज्य धरतात.

वरच्या ओठाला वॅक्स करत असाल तर त्याआधी आठवडाभर तरी क्रीम बंद ठेवा. रेटिनॉइडवाली कातडी वॅक्सच्या पट्टीसोबत सोलून निघते. दोरा त्यामानानं चालतो, पण त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री क्रीम नको. पार्लरवालीला आधीच सांगा, ती स्वतःहून विचारत नाही.