डायनिंग टेबलावरचा दिवा: किती खाली, किती रुंद?

प्रश्न: इंदूरला नवीन फ्लॅट घेतलाय. डायनिंग टेबल 5 फूट बाय 3 फूट, छत साडेनऊ फूट, पंखाही त्याच खोलीत. टेबलावर लटकता दिवा किती खाली आणि केवढा रुंद घ्यावा?

उत्तर:

माप टेबलाच्या फळीपासून घ्या. आठ फुटी छताला फळी ते शेडची खालची कड 30 इंच ठेवतात आणि त्यापुढे छताच्या दर फुटाला साधारण 3 इंच वाढवतात. तुमच्याकडे हे अंतर 34 इंचांच्या आसपास येतं. टेबल 30 इंच उंच असेल तर कड जमिनीपासून 64 इंचांवर. शेड 10 इंच उंच असेल तर छतापासून शेडच्या माथ्यापर्यंत 40 इंच वायर लागेल.

पण वायर लगेच कापू नका. शेडच्या मापाचा पुठ्ठा सुतळीने त्या उंचीवर टांगा आणि दोघं समोरासमोर बसा. समोरच्याचा चेहरा पुठ्ठ्याखालून नीट दिसला पाहिजे. खरी शेड लावल्यावर बसल्या जागेवरून बल्ब डोळ्यांत येत असेल, तर शेड उथळ आहे. तेव्हा दिवा खाली आणण्यापेक्षा दुधी बल्ब लावा. जादाची आठ-दहा इंच वायर छताच्या वाटीत गुंडाळून ठेवा, पुढे टेबल बदललं तर उपयोगी पडते.

रुंदीचा हिशेब टेबलाच्या लांबीवर नाही, रुंदीवर करायचा. 36 इंचांच्या निम्मे ते दोन-तृतीयांश, म्हणजे 18 ते 24 इंच. मी तुम्हाला 18-20च सांगेन. 24 इंची शेड घेतली तर दोन्ही बाजूंना सहाच इंच उरतात, आणि आपल्याकडे वाढणारी व्यक्ती उभी राहून वाकून आमटी वाढते, तिचं डोकं आपटतं.

पंख्याचं मात्र आधी बघा. नेहमीच्या 1200 मिलिमीटर पंख्याची पाती मध्यापासून दोन फूट फिरतात आणि दिव्याची वायर त्यांच्याच पातळीतून खाली येते. म्हणून दिव्याचा हुक पंख्याच्या मध्यापासून किमान साडेतीन फूट दूर हवा. तेवढी जागा नसेल तर पंखाच सरकवा. इंदूरच्या मे महिन्यात जेवताना पंखा बंद ठेवणं काही होणार नाही. दूर असूनही वाऱ्याने हलकी शेड डोलते आणि ताटावर सावल्या नाचतात, म्हणून धातूची जड शेड घ्या, शक्यतो वायरऐवजी दांड्यावर लटकणारी. तिचा माथा बंद असू द्या. उघड्या माथ्यातून वर जाणारा उजेड फिरत्या पात्यांवर पडला की छतावर सारखी लुकलुक होते.

बिल्डरने दिलेला पॉइंट बहुधा खोलीच्या मध्यावर असतो, टेबलाच्या नव्हे. इलेक्ट्रिशियनला सांगून एमसीबी पाडून घ्या, टेबलाच्या बरोबर मध्यावर नवा हुक ठोकून घ्या आणि वायर छतालगत तिथपर्यंत न्या. शेडचं वजन हुकावर यायला हवं, वायरच्या जोडावर नाही.