‘मग कन्नडही संस्कृतची बोली!’: अशा उत्तराला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: निपाणीत एका बारशाला मामा म्हणाले, “आपल्या बेळगावी मराठीत कन्नड शब्द खच्चून भरलेत, म्हणून ही कन्नडचीच बोली.” त्यावर मावशी म्हणाली, “मग कन्नडात संस्कृत शब्द खच्चून भरलेत, म्हणून कन्नड ही संस्कृतची बोली!” सगळे हसले. मामांचं म्हणणं, हा मुद्दा नव्हे, नुसता टोमणा. अशा उत्तराला मराठीत शब्द आहे का? आणि हे खरंच खंडन आहे का?

उत्तर: खंडन आहे, आणि चांगलं खंडन आहे. जुन्या शास्त्रचर्चेत याला ‘प्रतिबंदी’ म्हणतात. तुमचा तर्क जसाच्या तसा उचलून दुसऱ्या ठिकाणी लावायचा आणि तिथे तो तुम्हालाच नको असलेल्या जागी नेऊन सोडतो हे दाखवायचं. बोलताना आपण एवढं नाव घेत नाही, ‘तसं म्हटलं तर मग...’ अशी सुरुवात करतो. मावशींनी ‘मग’ या एका शब्दात काम भागवलं.

मामांची तक्रार बहुधा अशी असेल, की मराठी कुठे, संस्कृत कुठे, तुलनाच चुकीची. पण मावशींनी भाषांची तुलना केलेलीच नाही. त्यांनी तुलना केली ती दोन ‘म्हणून’ची. मामांच्या वाक्यातली नावं पुसली तर उरतं ते एवढंच: अमुक भाषेत तमुक भाषेचे शब्द भरपूर आहेत, म्हणून अमुक ही तमुकची बोली. याच सांगाड्यात मावशींनी दुसरी नावं भरली. कन्नडात संस्कृत शब्द भरपूर आहेत हे मामांना मान्यच करावं लागेल. कन्नड ही द्राविड कुळातली भाषा, संस्कृतची बोली नव्हे, हेही ते नाकारणार नाहीत. सुरुवात खरी, शेवट खोटा. म्हणजे मधल्या ‘म्हणून’वर भरवसा ठेवता येत नाही, आणि मामांचं वाक्य त्याच ‘म्हणून’वर उभं आहे.

मावशींचं उदाहरण नेमकं कुणासमोर आहे हेही बघा. समोर पुण्याचा कुणी असता आणि ‘तुमच्यात कन्नड शब्द आहेत, म्हणून तुमची मराठी खरी नव्हे’ म्हणाला असता, तर कन्नड-संस्कृतचा दाखला त्याला फारसा बोचला नसता. त्याला विचारायचं, की तारीख, वकील, जमीन हे फारसी-अरबीकडून आले, पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून, मग पुण्याचीही मराठी खरी नव्हे का? (तूपसुद्धा कन्नड ‘तुप्प’कडे बोट दाखवतं, पण ते जेवताना काढू नये.) प्रतिबंदीचा निष्कर्ष आपल्याला हास्यास्पद वाटून उपयोग नाही, तो समोरच्याला नकोसा व्हावा लागतो. ‘असेल, पुण्याची मराठीही खरी नव्हे’ असं तो बिनदिक्कत म्हणाला, तर ही वाट तिथेच संपते.

आता मामांना यातून सुटायचा एक रास्त मार्ग आहे. ते म्हणू शकतात, “नुसत्या शब्दांचं कुणी बोललं? आपली वाक्यं बांधायची तऱ्हासुद्धा कन्नड वळणाची आहे.” असं म्हटल्याबरोबर सांगाडा बदलला. कन्नडाने संस्कृतकडून शब्द घेतले, क्रियापदं चालवायची पद्धत घेतली नाही, त्यामुळे मावशींचा दाखला नव्या तर्काला लागू पडत नाही. हा प्रतिबंदीचा पराभव नव्हे. न बोललेली अट तिने बोलायला लावली, हेच तिचं काम.

या नव्या तर्कालाही प्रतिबंदी सापडते, आणि ती लांब नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी केला, तो 1971 साली प्रसिद्ध झाला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेली. या अभ्यासकांना आढळलं ते असं, की या तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. शब्द आणि प्रत्यय मात्र ज्याचे त्याचे राहिले. आता मामांचा नवा सांगाडा इथे लावा: कुपवाडच्या उर्दूची वाक्यरचना कन्नडसारखी झाली आहे, म्हणून कुपवाडची उर्दू ही कन्नडची बोली. हे मामाही म्हणणार नाहीत.

मात्र इथवर येऊनही ‘बेळगावी मराठी ही मराठीच’ हे सिद्ध झालेलं नाही. पडला तो मामांचा तर्क, त्यांचा निष्कर्ष नव्हे. वाईट तर्काच्या टोकाला खरा निष्कर्षही असू शकतो. मराठीपण दाखवायचं तर पुरावा वेगळा द्यावा लागेल: आपण ‘मी गेलो’ म्हणतो, ‘नानु होदे’ म्हणत नाही. सर्वनाम मराठी, क्रियापद मराठी, आणि शेवटचा ‘-लो’ही मराठी. वादात प्रतिबंदी जिंकली की लोक हा भाग विसरतात आणि थेट मिरवणूक काढतात.

दुसरा घोटाळा सांगाडा फार सैल धरल्याने होतो. कुणी म्हणालं, ‘तो खानापूरचा, म्हणून तो बेळगाव जिल्ह्यातला.’ त्यावर एखादा हुशार उत्तर देतो, ‘असं तर तो निपाणीचा, म्हणून तो कोल्हापूर जिल्ह्यातला!’ ऐकायला घाट सारखा, पण खंडन शून्य. पहिल्या वाक्यात ‘खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे’ ही खरी गोष्ट न बोलता धरलेली आहे. दुसऱ्यात तिच्या जागी ‘निपाणी कोल्हापूर जिल्ह्यात आहे’ असं धरावं लागतं, आणि ते खोटं आहे. इथे ‘म्हणून’ ठीक आहे, खोटं आहे ते गृहीत. सांगाडा काढताना न बोललेलं गृहीतही आधी बोलून घ्यावं, नाहीतर ‘हे असं, म्हणून ते तसं’ एवढ्याच साच्यात घालून जगातला कुठलाही तर्क हास्यास्पद करता येतो.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, ही लबाडी चांगली ठाऊक होती. त्यांच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात, खोट्या प्रत्युत्तरांचे चोवीस प्रकार दिले आहेत, त्यांना ‘जाति’ म्हणतात. (जातपात नव्हे.) वादी म्हणतो, शब्द, म्हणजे ध्वनी, अनित्य आहे, कारण तो घटासारखा उत्पन्न होतो. प्रतिवादी म्हणतो, घटासारखा ना, मग घटासारखं शब्दालाही रूप असलं पाहिजे! ही ‘उत्कर्षसमा’. निष्कर्ष हास्यास्पद आहे खरा, पण वादीने दिलेलं कारण ‘उत्पन्न होणं’ हे होतं, दिसण्याशी त्या कारणाचा संबंधच नव्हता. मामांनी मावशींवर टोमण्याचा आरोप केला तो त्या असं काही बोलल्या असत्या तर शोभला असता.

शब्द वापरायचा तर एक अडचण आहे. ‘प्रतिबंदी’ वाचून बरेच जण ‘बंदी’ समजतील. शास्त्रात याच्या जवळचा दुसरा शब्द ‘अतिप्रसंग’, म्हणजे नियम नको तिथेही लागू होणं. पण तो आजच्या मराठीत लिहिलात तर वाचणारा थेट पोलीस ठाण्यात पोचेल. म्हणून लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘प्रतिबंदी, म्हणजे त्याच तर्काने दिलेलं उलट उत्तर’ असं लिहा, पुढे नुसतं ‘प्रतिबंदी’ चालेल. घरच्या जेवणात मावशींचा ‘मग’ पुरेसा आहे.