शिबिरात डॉक्टर म्हणाले, सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मग मागच्या वेळी त्याच गोळीने मला दोन दिवसांत बरं कसं वाटलं?

गोळीने नाही, सर्दी उतरायची वेळच आली होती म्हणून बरं वाटलं. मी स्वतः डॉक्टर आहे, हा प्रश्न मलाही नेहमी विचारतात. साध्या सर्दीचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. नेमकं तेव्हाच माणूस वैतागून गोळी घेतो, आणि पुढच्या दोन दिवसांत त्रास आपोआप उतरतो. श्रेय मात्र गोळी घेऊन जाते! अमॉक्सिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाही, अझिथ्रोमायसिन त्याचं प्रथिनं तयार करण्याचं काम थांबवतं. सर्दीच्या विषाणूला ना पेशीभित्ती, ना स्वतःची प्रथिनं बनवणारी यंत्रणा. तो आपल्याच पेशींकडून काम करून घेतो. त्यामुळे औषधाला धरायला जागाच नसते. जुलाब, पुरळ हे त्रास मात्र होऊ शकतात. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणूच, असंही नाही; तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. सर्दी साधारण 7 ते 10 दिवसांत जाते, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो.

पण प्रत्येक खोकला साधा नसतो. धाप लागली, ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, बरं वाटून पुन्हा बिघडलं किंवा लहान मुलाची छाती श्वास घेताना आत ओढली जाऊ लागली, तर लगेच दाखवा. तो न्यूमोनिया असू शकतो आणि तिथे बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतं. आणि सर्दीनंतरचा खोकला रेंगाळत असला, तरी तो दोन आठवड्यांपुढे गेला, तर क्षयरोग नाही ना हे पाहायला थुंकी तपासून घ्या.